पगार किती, सासूबाई कुठे, दुसरं कधी: समोरच्या काकूंना काय सांगायचं?

*ताई, आम्ही डोंबिवलीत राहतो, समोरासमोर दारं आहेत आणि समोरच्या काकूंचे प्रश्न संपतच नाहीत. तुझा पगार किती, यांचा किती, हप्ता किती जातो, सासूबाई धाकट्या दिरांकडे का राहायला गेल्या, दुसऱ्याचा विचार कधी. मधे मिस्टरांची नोकरी गेली होती, तीन महिने घरी होते, आता नवीन लागलेत पण पगार कमी आहे, हे आम्ही कोणालाच सांगितलेलं नाही. परवा काकूंनी लिफ्टमध्ये माझ्या सहा वर्षांच्या मुलीला विचारलं, "बाबा आता रोज ऑफिसला जातो का गं?" तेव्हापासून डोकं फिरलंय. पण बाई वाईट नाहीत हो. आमची चावी त्यांच्याकडे असते, सिलेंडर, पार्सल त्याच घेतात, मुलीला रात्री ताप चढला तेव्हा काका धावत जाऊन रिक्षा घेऊन आले होते. त्यांचा मुलगा यंदा इंजिनिअर झालाय, नोकरी शोधतोय. मिस्टर म्हणतात तोंडावर सांगून टाक. मला संबंध तोडायचे नाहीत, पण दार उघडताना पोटात गोळा येतो. काय करू?*

*डोंबिवलीची एक वाचक*

तोंडावर सांगायचंच आहे, मिस्टरांचं त्यात बरोबर आहे, पण सांगायचं फक्त एकाच गोष्टीबद्दल, लेकीला विचारण्याबद्दल. पगार, सासूबाई, दुसरं मूल, या प्रश्नांसाठी समोर बसून हिशेब करायची गरज नाही, ते रोजच्या बोलण्यातच हळूहळू बंद करता येतात. आणि सगळ्या तक्रारी एकदम काढल्यास तर काकूंना त्यातून एवढंच कळणार की हिला मीच नकोय, मग लेकीचा मुद्दा बाजूलाच राहील.

आधी पगाराचं घेऊ कारण रोजचा त्रास तोच आहे. काकू-काकांच्या पिढीत आपल्याकडे बहुतेक नोकऱ्या बँकेत, रेल्वेत, एलआयसीत, पोस्टात, शाळेत नाहीतर मंत्रालयात असायच्या, आणि तिथे माणूस कुठल्या पदावर आहे हे कळलं की पगार कळायचाच, वेतन आयोग आला की कोणाला किती वाढ झाली हे पेपरात छापून यायचं आणि अख्खी चाळ त्यावर बोलायची. त्यामुळे पगार विचारणं म्हणजे त्यांच्या कानाला कुठल्या खात्यात आहात असं विचारल्यासारखंच आहे. खासगी कंपन्यांचं तसं नाही, तिथे एकाच टेबलावर बसणाऱ्या दोघांचे पगार वेगळे असतात, आणि बऱ्याच ऑफर लेटरमध्ये तर पगाराची माहिती बाहेर सांगू नये असं लिहिलेलंही असतं. हे काकूंना कोणी कधी समजावून सांगितलेलं नसणार. मी त्यांची बाजू घेत नाहीये, तुला उत्तर द्यायला सोपं जावं म्हणून सांगतेय, कारण समोरची बाई मुद्दाम टोचतेय असं धरून दिलेलं उत्तर आणि तिला यातलं माहीतच नाही असं धरून दिलेलं उत्तर यांचा सूर फार वेगळा लागतो.

आता उत्तर काय द्यायचं. कमी आकडा सांगू नकोस, बऱ्याच जणी तेच करतात आणि तिथेच फसतात, कारण आज तीस सांगितलेस आणि उद्या एसी बसवला की काकू मनात बेरीज मांडणार, मग तुझ्या खऱ्या गोष्टीवरही विश्वास उरणार नाही. वर त्या तुझी काळजी म्हणून चार जणींना सांगतील की बिचारीचं ओढाताणीत चाललंय. जास्त सांगितलेस तर भिशीत ओढणं, उसने मागणं, वर्गणीत जास्तीचा आकडा हे सुरू होतं. कंपनीचं कारण खरं असेल तर ते जरूर सांग, पण एकट्या त्याच्यावर राहू नकोस, कारण काकू म्हणणार, "अगं मी काय तुझ्या कंपनीत सांगायला जाणारे?" आणि मग तुझ्याकडे बोलायला काही राहत नाही.

त्यापेक्षा असं म्हण: "काकू, पगाराचा आकडा आम्ही दोघांनी ठरवलंय, घराबाहेर कोणालाच सांगायचा नाही. माझ्या आईलाही माहीत नाही." यात काकूंना वेगळं काढलेलं नाही, सगळ्यांना एकच नियम आहे, आणि नियम दोघांचा आहे त्यामुळे तुला एकटीला पटवून फायदा नाही. फक्त हे खरं असायला हवं. आईला आकडा माहीत असेल तर आईचं नाव घेऊ नकोस, गणपतीत आई आली आणि काकूंनी सहज विषय काढला तर सगळं मुसळ केरात.

एवढ्याने काकू थांबणार नाहीत, पुढची पायरी येईल, आणि ही पायरी नीट ओळख. त्या अंदाज करायला लागतील. "पन्नास असेल ना? बरं, पन्नासच्या वर? माझ्या पुतणीला साठ आहे, तेवढा तरी असेलच." तू पन्नासला "छे हो" म्हणालीस आणि साठला गप्प बसलीस की आकडा सांगून झाला. म्हणून प्रत्येक आकड्याला तेच वाक्य, तोच सूर, हसणंही तेवढंच. "काकू, तुम्ही वीस म्हणा नाहीतर दोन लाख म्हणा, मी हो पण नाही म्हणणार आणि नाही पण नाही म्हणणार." शब्द बदलू नकोस. रोज नवं कारण दिलंस की काकूंना वाटतं अजून एकदा विचारून बघू, तेच ते उत्तर ऐकलं की विचारण्यातली मजा जाते. पहिले काही दिवस तुलाच अवघडल्यासारखं होईल, त्यांना तेवढं नाही होणार.

एक गोष्ट मात्र कर, कशाकशाला झाकायचं ते आधी ठरव, सगळ्यालाच झाकत बसलीस तर दमशील आणि तुसडी दिसशील. फ्लॅट केवढ्याला घेतला हे तर लपतच नाही, खरेदीखत रजिस्टर झालं की त्याची इंडेक्स टूची नोंद राज्याच्या नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर शोधता येते. शाळेची फी त्याच शाळेतल्या प्रत्येक आईला माहीत आहे, मेंटेनन्स सगळ्यांना माहीत आहे. हे विचारलं तर मोकळेपणाने सांग, उलट आपणहून सांग. पगार, हप्ता, बचत, कोणाला किती देतो, हे चार विषय मात्र बंद. हप्ता यात मुद्दाम घातलाय, कारण बँक पगार बघून हप्ता बसवते हे काकूंना पक्कं माहीत असणार, हप्ता कळला की पगाराचा अंदाज यायला फार वेळ लागत नाही.

आता तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ, त्यांचा मुलगा यंदा इंजिनिअर झालाय आणि नोकरी शोधतोय. तू आठवून बघ, पगाराचे प्रश्न कधीपासून वाढलेत. मला दाट शंका आहे की काकूंना तुझा पगार नकोच आहे, त्यांना त्यांच्या मुलाचा पगार मोजायला पट्टी हवीये. ओळखीत कोणाला बारा लाखाचं पॅकेज मिळालं असं कोणीतरी सांगतं, मुलगा घरी येऊन चार-पाच लाखाचं बोलतो, आणि आईला कळत नाही की हे चांगलं आहे की आपला मुलगा मागे पडला, आणि मुलगा तर या वयात आईशी धड बोलत नाही. ही माहिती तू तुझा आकडा न सांगता देऊ शकतेस, आणि दिलीस ना तर निम्मे प्रश्न आपोआप गळतील.

एखाद्या दुपारी कागद घेऊन त्यांच्याकडे बस. सहा लाखाचं पॅकेज धर. काकूंना वाटतं सहा भागिले बारा, म्हणजे महिना पन्नास हजार हातात. तसं नसतं, कारण पॅकेज म्हणजे कंपनीला तो मुलगा वर्षाला केवढ्याला पडतो तो आकडा. समजा त्यात मूळ पगार म्हणजे बेसिक निम्मा धरलाय, तीन लाख. त्याच्या बारा टक्के, म्हणजे ३६ हजार, कंपनी स्वतःच्या बाजूने पीएफमध्ये भरते, आणि बऱ्याच कंपन्या ते पॅकेजमध्येच मोजतात. ग्रॅच्युइटीपोटी आणखी साधारण साडेचौदा हजार बाजूला धरतात, तीही दर महिन्याला हातात येत नाही. मग दहा टक्के, ६० हजार, कामगिरीवर मिळणारा भाग असेल तर तो वर्षाच्या शेवटी, मिळाला तर मिळाला, नाहीतर कमी मिळाला. हे सगळं वजा केलं की उरतात चार लाख नव्वद हजारांच्या आसपास, म्हणजे महिना चाळीस-एक्केचाळीस हजार, आणि त्यातूनही मुलाच्या वाट्याचा तीन हजार पीएफ आणि दोनशे रुपये प्रोफेशनल टॅक्स कापला की हातात पडतात साडेसदतीस हजार. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असते, पण पन्नास ऐकून साडेसदतीस हातात आले म्हणजे कोणी फसवलं नाही, एवढं काकूंना कळलं तरी खूप झालं. त्यांना सांग की मुलाची ऑफर आली की त्याला पॅकेज विचारू नका, महिन्याला हातात किती आणि बदलता भाग किती हे दोन प्रश्न विचारा, आणि बॉण्ड आहे का तेही विचारा, म्हणजे अमुक महिन्यांच्या आत सोडलं तर पैसे भरायचे असं लिहिलंय का.

उदाहरणातला आकडा तुमच्या दोघांच्या पगाराच्या जवळपासही ठेवू नकोस. आणि मधेच त्या म्हणाल्या, "मग तुझं कसं आहे गं?" तर "माझंही असंच कापून येतं" म्हण आणि पेन पुढे चालव. मुलगा घरी असेल तर त्यालाही बोलाव, रिझ्युमे बघून दे. त्या घराला तुझ्याकडून खरंच काहीतरी मिळालं की तू आकडा सांगत नाहीस याचा सल राहत नाही.

मिस्टरांच्या नोकरीचं वेगळं आहे. तीन महिने माणूस घरी होता हे समोरच्या दाराला दिसलेलंच आहे, चपला दिसतात, गाडी दिसते, दुपारी टीव्हीचा आवाज येतो. जे दिसलंय ते नाकारू नकोस, वर्क फ्रॉम होम होतं वगैरे रचू नकोस. एकच वाक्य, आणि ते मिस्टरांनी स्वतः सांगितलेलं उत्तम: "काका, मधे जुनी नोकरी सुटली होती, आता नवीन ठिकाणी लागलोय." लिफ्टमध्ये, खाली पार्किंगमध्ये, दुधाच्या पिशव्या घेताना, कुठेही, सहज, जाता जाता. का सुटली, मधे कसं भागवलं, आता किती मिळतात, हे काही सांगायचं नाही. आता ते कामावर जातायत तर हे सांगण्यातलं सगळ्यात अवघड निघून गेलंय. आणि याचा थेट फायदा लेकीला आहे, काकूंना हवी होती ती बातमी मोठ्या माणसाकडूनच मिळाली तर सहा वर्षांच्या पोरीला विचारायचं कारण उरत नाही. मिस्टरांना हे जड जाईल, नोकरी गेल्याचं पुरुष पटकन बोलत नाहीत, त्यांना घाई करू नकोस, पण हे त्यांचंच वाक्य आहे, तू त्यांच्या परवानगीशिवाय काकूंना सांगू नकोस.

घरच्या प्रश्नांना मी पगारासारखा ठरीव नियम सुचवणार नाही, कारण तिथे वाक्य जितकं लांब तितका त्रास जास्त. "दुसरं कधी" याला कारण देऊच नकोस. दोघांच्या नोकऱ्या आहेत म्हणालीस की काकू म्हणणार मी सांभाळीन, खर्च म्हणालीस की चोच देतो तो चाराही देतो, तब्येत म्हणालीस की डॉक्टरचं नाव हजर. प्रत्येक कारण म्हणजे काकूंना पुढचं बोलायला दिलेली जागा. "ते आमचं आम्ही बघू काकू," एवढंच, गोड आवाजात, आणि लगेच विषय बदल, तोही त्यांच्यावर आण. "गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर? आणि ते लिंबाचं गोड लोणचं कसं घातलंत ते सांगा ना." रेसिपी विचारायची असेल तर खरंच विचार आणि खरंच करून बघ, उगीच विचारलेलं बायकांना लगेच कळतं.

सासूबाईंचं जरा जपून. त्या का गेल्या ते मला माहीत नाही, तू लिहिलं नाहीस, तेच बरोबर आहे. पण काकू आणि सासूबाई एवढी वर्षं समोरासमोर राहिल्यात, संध्याकाळी खाली बाकावर बसणाऱ्या दोघी असतील तर काकूंची मैत्रीणच गेलीय, आणि ती का गेली हे विचारण्यात नुसता चोंबडेपणा नसेल, त्यांनाही चुकल्यासारखं होत असेल. म्हणून इथे दार लावू नकोस, थेट सासूबाईंकडे पाठव. पण आधी सासूबाईंना फोन कर आणि विचार, "समोरच्या काकू तुमची चौकशी करत असतात, तुमच्याशी बोलायला सांगू का? मी काय सांगू त्यांना?" त्या जे म्हणतील तेच शब्द तू वापर. दोघींची दोन उत्तरं झाली की तिथूनच गोष्टी फुटतात, सून म्हणते हवापालट, सासू म्हणते मला तिथे करमत नव्हतं, मग काकूंच्या डोक्यात सिरियल सुरू होते. सासूबाईंशी तुझं सध्या बोलणं नसेल तर हा फोन मिस्टरांनी करावा.

आता लेकीचं. आधी तिला काय शिकवायचं ते सांगते. तिला "काही सांगायचं नाही हां" असं बजावू नकोस, सहा वर्षांची पोर लिफ्टमध्ये जाऊन नेमकं तेच म्हणेल, "आईने सांगितलंय काही सांगायचं नाही." खोटंही शिकवू नकोस. एकच वाक्य दे, "आईला विचारा ना आजी." हे कुठल्याही प्रश्नाला चालतं, उद्धट वाटत नाही, आणि तिला काय सांगायचं काय नाही याचा विचार करावा लागत नाही. घरात खेळ करा, तू काकू हो आणि विचार, काय जेवलीस, शाळेत काय झालं, बाबा कुठे गेला, आई-बाबा भांडतात का. जेवणाचं शाळेचं खुशाल सांगायचं, घरातल्या मोठ्यांचं विचारलं की आईला विचारा. दोन-चारदा खेळलात की तिला फरक कळेल.

आणि मग काकूंशी बोल. प्रश्न विचारला त्या क्षणी नाही, रागात नाही, दारात उभं राहून नाही, आणि व्हॉट्सॲपवर तर अजिबातच नाही, लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचलं जातं, दाखवलं जातं आणि त्यात आवाज नसतो. दुपारी चारच्या चहाला त्यांच्या घरी जा, मुलीला न घेता, त्यांचा मुलगा आणि काका घरात नसताना. मुलासमोर आईला काही सांगितलं की त्याला अपमानाचा वास येतो. आधी दोन इकडचं तिकडचं बोल, मग सरळ ये.

"काकू, एक मागायला आलेय. परवा तुम्ही लिफ्टमध्ये हिला विचारलंत ना, बाबा रोज ऑफिसला जातो का म्हणून. तिने घरी येऊन मला विचारलं, बाबाचं काही झालंय का. लहान आहे, तिच्या डोक्यात बसतं. तर आमच्या घरातलं काही वाटलं तर मला विचारा, तिला नको. सांगण्यासारखं असेल तर मी सांगेन."

लेकीने तसं काही विचारलं नसेल तर ते वाक्य गाळ, "तिला त्यातलं काही कळत नाही आणि मग घाबरते" एवढं पुरे. यात तापाच्या रात्रीचा विषय आणू नकोस, तुम्ही आमच्यासाठी एवढं केलंत पण, अशी सुरुवात केली की काकूंना वाटतं केलेल्याची आठवण करून देऊन आता ऐकवतेय. ते आभार वेगळ्या दिवशी, पण नसतील मानले तर मान जरूर.

काकू बहुधा म्हणतील, "मी काय परकी आहे का? काळजीपोटी विचारलं." त्यावर वाद घालू नकोस. "परक्या असतात तर आले नसते बोलायला, मनात ठेवलं असतं. काळजी आहे ते माहितेय मला, म्हणूनच म्हणतेय मला विचारा." आणि थांब. चहा संपव, उठ. तिथेच सासूबाईंचं, पगाराचं, परवा खालच्या जिन्यात तुम्ही असं म्हणालात तसं म्हणालात, हे काढायचा मोह होईल, नाही काढायचं.

नंतर काही दिवस काकू गप्प होतील. दार उघडून आत जातील, गालात हसतील, नेहमीसारखं थांबणार नाहीत. हा भाग अवघड आहे आणि इथेच बहुतेक जणी घाईने माफी मागतात, "तुम्हाला वाईट वाटलं का हो काकू," आणि सगळं बोलणं पुसून टाकतात. माफी मागू नकोस, पण नेहमीचं काहीही थांबवू नकोस. त्यांची वाटी तुझ्याकडे असेल तर रिकामी देऊ नकोस, आपल्याकडे तशी देतही नाहीत, चार चकल्या घाल, नाहीतर ओल्या नारळाची करंजी, नाहीतर नुसती साखर. पार्सल आलं तर त्यांच्याकडेच ठेवायला सांग. संक्रांत किंवा हळदीकुंकू जवळ असेल तर पहिलं बोलावणं त्यांना. शब्दाने जे मागितलंस ते कायम ठेवायचं आणि वागण्याने दाखवायचं की बाकी काही बदललेलं नाही.

घरातून बातमी बाहेर जायच्या वाटा मात्र बघून घे. तुमच्या दोघींकडे कामाला एकच ताई येत असेल तर तिच्यासमोर फोनवर पैशाचं बोलू नकोस. तिच्यावर संशय घेऊ नकोस, तिला घराघरात विचारलं जातं आणि काम टिकवायचं तर तिला नाही म्हणणं जमत नाही, त्यामुळे तिच्या कानावर पडूच नये हे आपल्या हातात आहे. बँकेची आणि कंपनीची कुरिअर येतात त्यांचा पत्ता ऑफिसचा दे, पाकिटावरच्या बँकेच्या नावावरूनसुद्धा कर्जाचा अंदाज बांधला जातो. आणि मिस्टरांशी शब्द पक्के कर, पगाराचं वाक्य दोघांच्या तोंडी तेच हवं. तू नियम सांगायचा आणि त्यांनी काकांना खाली मीटिंगमध्ये सहज आकडा बोलून टाकायचा असं झालं तर काकूंना तुझाच राग येईल, की हिनेच माझ्यापासून लपवलं.

दारातलं उभ्याउभ्याचं बोलणं कमी करायचं तर त्याला दुसरी जागा द्यावी लागते. रोज कुकर लावलाय, मीटिंग आहे, ही कारणं किती दिवस पुरणार, आणि काकूंना कळतंच की ही टाळतेय. त्यापेक्षा शनिवारी संध्याकाळी अर्धा तास तूच जा त्यांच्याकडे. जाताना तूच चार विषय घेऊन जा, सोसायटीची पाण्याची टाकी, रिडेव्हलपमेंटचं काय चाललंय, त्यांच्या माहेरचं, मुलाचे इंटरव्ह्यू. त्यांना बोलायला माणूस हवंय हे तुझ्या पत्रातून दिसतंय, सासूबाई गेल्या, मुलगा मोठा झाला, काका टीव्हीसमोर. आठवड्याला हक्काचा अर्धा तास मिळाला की दारात गाठायची घाई कमी होते, आणि मग आठवड्यात दार उघडल्यावर "काकू, शनिवारी सांगते सगळं" म्हणून आत जाता येतं.

एवढं सगळं करूनही त्यांनी लेकीला पुन्हा विचारलं, किंवा तुला फक्त त्यांना सांगितलेली एखादी गोष्ट खालच्या मजल्यावरून परत ऐकू आली, तर समज की ही नुसती सवय नाही. लेकीच्या बाबतीत दुसऱ्यांदा त्याच क्षणी बोल, तिच्यासमोर, आवाज न चढवता: "काकू, आपलं ठरलंय ना, मला विचारायचं." गोष्ट फुटली असेल तर भांडू नकोस, फक्त त्यानंतर त्यांना लोणच्याच्या पलीकडचं काही सांगू नकोस. कोणी फोडलं हे बघायला खोटी गोष्ट सोडून देण्याचा सल्ला तुला कोणीतरी नक्की देईल, तो ऐकू नकोस, ती खोटी गोष्ट तुझ्याच नावाने सोसायटीत फिरत राहील.

चावी परत मागू नकोस, निदान आत्ता तरी नको. चावी मागणं म्हणजे आमचा तुमच्यावर विश्वास नाही असं सगळ्या मजल्याला सांगणं आहे, आणि तुझ्या पत्रात त्यांनी चावीचा कधी गैरवापर केल्याचं काही नाही. कधी घ्यायचीच वेळ आली तर कुलूप बदलण्याचं निमित्त होऊ दे, नवीन लॅच बसवला की जुनी चावी आपोआप बाद होते, आणि नवीनची एक तुझ्या बहिणीकडे किंवा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहू दे. घरात पगाराच्या स्लिपा, कर्जाचे कागद टेबलावर पडलेले असतील तर ते मात्र आजच कपाटात टाक.